मखराचा टॅब स्लॉटमध्ये नेमका बसवायचा तर: लेझर कटिंगमधला कर्फ मोजणे आणि ड्रॉइंगमध्ये धरणे

गणपतीच्या आधीच्या दोन महिन्यांत वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथल्या लेझर कटिंगच्या गाळ्यांत मखराच्या फाइली येऊ लागतात. बहुतेक मखरं ४ मिमी एमडीएफची असतात. खाली बैठकीची पाटी, तिच्यात स्लॉट, आणि उभ्या कमानीला खालून टॅब. खिळा नाही, गोंद नाही, कारण विसर्जनानंतर सगळं सुटं करून माळ्यावर ठेवायचं असतं. ड्रॉइंगमध्ये टॅब ३० मिमी आणि स्लॉटही ३० मिमी काढलेला असतो, पडद्यावर दोन्ही एकमेकांवर बिनचूक बसतात. कापून हातात आल्यावर मात्र कमान डुलते.

लेझरचा किरण रेषेवरून जाताना दोन्ही बाजूंचं थोडं लाकूड जाळून टाकतो. त्या जळालेल्या फटीची रुंदी म्हणजे कर्फ. किरण काढलेल्या रेषेच्या मधोमध चालतो, त्यामुळे अर्धा कर्फ रेषेच्या एका बाजूने जातो आणि अर्धा दुसऱ्या. टॅबच्या दोन्ही कडांवरून अर्धा-अर्धा गेला की टॅब एका कर्फाने अरुंद होतो. स्लॉटच्या दोन्ही टोकांवरून तसाच गेला की स्लॉट एका कर्फाने लांब होतो. कर्फ ०.२१ मिमी असेल तर टॅब २९.७९, स्लॉट ३०.२१, आणि मधली ढिलाई ०.४२ मिमी, म्हणजे दोन कर्फ.

दोन दिशा, दोन वेगळे हिशेब

स्लॉटला लांबी आणि रुंदी असते, आणि बहुतेक गोंधळ या दोन्हींना एकच नियम लावल्यामुळे होतो. लांबीच्या दिशेने (आपला ३० मिमीचा माप) टॅब आणि स्लॉट दोन्ही लेझरने कापलेले असतात, म्हणून कर्फ दोन्हीकडे धरायचा. रुंदीच्या दिशेने स्लॉटमध्ये जाते ती शीटची जाडी. ती लेझरने ठरत नाही, कारखान्यातून आलेली असते. तिथे कर्फ फक्त स्लॉटपुरता धरायचा आणि टॅबच्या जागी व्हर्नियरने मोजलेली खरी जाडी घालायची.

या दुसऱ्या दिशेकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं ते बघा. ४ मिमी म्हणून विकत घेतलेली शीट प्रत्यक्षात ३.८८ भरली आणि स्लॉट ४.०० काढला, तर कापल्यावर तो ४.२१ होतो. ०.३३ मिमीची ढिलाई. ऐकायला किरकोळ, पण टॅब स्लॉटमध्ये जेमतेम ३.९ मिमी खोल जातो. तेवढ्या खोलीवर ०.३३ चा खेळ म्हणजे ६०० मिमी उंच कमानीचं वरचं टोक जवळजवळ ५० मिमी पुढेमागे जाऊ शकतं. टॅबच्या दोन्ही बाजूंचे खांदे पाटीवर टेकून थोडं आवरतात, तरी डोलणं राहतंच.

आधी जाडी मोजा

शीटच्या कारखान्यातून आलेल्या कडेवर जाडी मोजू नका. पावसाळ्यात कडा हवेतला ओलावा आधी पितात आणि फुगतात. एमडीएफ लांबी-रुंदीपेक्षा जाडीत कितीतरी जास्त फुगतो. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या गाळ्यात उभ्या ठेवलेल्या शीटची खालची कड तर हमखास जाड भरते. कडेपासून निदान ५० मिमी आतला एक पट्टा कापून घ्या आणि त्यावर सात-आठ ठिकाणी डिजिटल व्हर्नियर लावा. कापलेल्या कडेवरची काजळी आधी कोरड्या फडक्याने पुसा.

आपल्या उदाहरणात मापं ३.८८ पासून ३.९७ पर्यंत आली असं धरू. हिशेबात सर्वांत मोठं माप, म्हणजे ३.९७ घ्यायचं. सरासरी घेतली तर जाड भागातले टॅब अडकू शकतात, आणि ठोकून घातले तर एमडीएफ मधल्या थरात फुटतो. मोजमाप कापायच्या दिवशी, त्याच शीटवर व्हावं. मार्चमध्ये मोजलेली जाडी जुलैच्या शीटला लावू नका.

कर्फ मोजण्याची चाचणी

एका फटीत व्हर्नियर घालून कर्फ मोजता येत नाही, ०.२ मिमीच्या फटीत जबडे जातच नाहीत, आणि एका मापातली चूक तेवढीच मोठी असते. त्याऐवजी अकरा कट एकत्र मोजायचे.

१०० मिमी लांब आणि २५ मिमी रुंद आयत काढा. त्यात दर १० मिमीवर एक उभी रेषा घाला, म्हणजे दहा तुकडे होतील. शेजारच्या दोन तुकड्यांमधली रेषा एकच असली पाहिजे. दहा वेगळे चौकोन एकमेकांना चिकटवून काढले तर मधली प्रत्येक रेषा दोनदा कापली जाते, फट रुंदावते आणि चाचणी खोटी ठरते. मशीनवर वेग, पॉवर, हवेचा दाब आणि लेन्सची उंची तीच ठेवा जी मखर कापताना असणार आहे.

कापल्यावर तुकडे जागेवरच ठेवून सगळे एका बाजूला सरकवा. दुसऱ्या टोकाला उरलेली मोकळी जागा व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजा. दहा तुकड्यांसाठी उभे कट अकरा असतात, म्हणून त्या मापाला ११ ने भागा. मोकळी जागा २.३१ मिमी आली तर कर्फ ०.२१. पडताळ्यासाठी दहाही तुकडे एकमेकांना लावून एकूण लांबी मोजा: १०० मधून दहा कर्फ वजा झालेले असतात, म्हणजे ९७.९० च्या आसपास यायला हवी. दोन्ही उत्तरं ०.०१ च्या पलीकडे वेगळी असतील तर कुठेतरी तुकडा तिरका बसला आहे किंवा काजळी अडकली आहे.

तुकडे उलटेपालटे करू नका. कापलेली कड सरळ उभी नसते. साधारणपणे किरण आत शिरतो त्या वरच्या बाजूला फट थोडी रुंद आणि तळाला अरुंद असते. त्यामुळे प्रत्येक तुकडा तळाशी किंचित रुंद असतो. सगळे सुलट ठेवले की ते रुंद कडांनीच एकमेकांना टेकतात आणि हाती येतो तो अरुंद बाजूचा कर्फ. जोड घट्ट की सैल हे ठरवणारी बाजूही हीच, कारण टॅबची सर्वांत रुंद जागा आणि स्लॉटची सर्वांत अरुंद जागा याच बाजूला येतात.

हीच पट्टी ९० अंशांत फिरवून पुन्हा कापा. एक्स आणि वाय दिशांचा कर्फ ०.०३ पेक्षा जास्त वेगळा आला तर आकड्यांत हात घालण्याआधी आरसे जुळलेत का, बेल्ट ताणलेले आहेत का आणि लेन्स स्वच्छ आहे का ते बघून घ्या. कारण मशीनमध्ये असेल तर ते ड्रॉइंगमध्ये दुरुस्त करू नये. पुढच्या आठवड्यात लेन्स पुसली की तुमचे सगळे आकडे चुकतील.

आकडे काढणे

आता पकड कुठे ठेवायची ते ठरवू. जाडीच्या दिशेला पकड ठेवण्याचा मोह होतो, कारण तिथे टेकणारा पृष्ठभाग मोठा असतो. पण जाडी शीटभर बदलते, त्यामुळे एक टॅब घट्ट आणि शेजारचा सैल होतो. लांबीच्या दिशेला दोन्ही मापं लेझरच्या ताब्यात आहेत, म्हणून पकड तिथे ठेवावी आणि जाडीला थोडी मोकळीक द्यावी. दरवर्षी सुटं होणाऱ्या ४ मिमीच्या मखरासाठी लांबीत ०.०५ मिमीची पकड आणि जाडीत ०.०८ मिमीची मोकळीक ही चांगली सुरुवात आहे. गोंद लावून कायमचा डबा करायचा असेल तर लांबीतली पकड ०.१० पर्यंत नेता येते.

`k` म्हणजे कर्फ, `W` म्हणजे टॅबचं ठरवलेलं माप, `g` म्हणजे पकड, `c` म्हणजे मोकळीक आणि `t` म्हणजे मोजलेली सर्वांत मोठी जाडी धरली तर ड्रॉइंगमध्ये काढायची मापं अशी:

```
tab    = W + g + k = 30 + 0.05 + 0.21   = 30.26
slot_L = W - k     = 30 - 0.21          = 29.79
slot_W = t + c - k = 3.97 + 0.08 - 0.21 = 3.84
```

कापून आल्यावर टॅब ३०.०५, स्लॉट ३०.०० लांब आणि ४.०५ रुंद मिळायला हवा. ४ मिमीच्या शीटसाठी ३.८४ रुंदीचा स्लॉट काढताना हात अडखळतो, पण आकडा बरोबर आहे.

काही मापांत कर्फ येतच नाही, आणि तिथे तो घातला तर नवीन चूक होते. टॅबची बाहेर आलेली उंची म्हणजे खांद्यापासून टोकापर्यंतचं अंतर. खांदा आणि टोक दोन्ही एकाच दिशेला तोंड करून असतात, दोन्हींवरून अर्धा कर्फ सारखाच जातो, त्यामुळे अंतर बदलत नाही. दोन टॅबच्या मध्यरेषांमधलं अंतरही तसंच राहतं. म्हणून भरपाई करताना प्रत्येक टॅब आपल्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारखा वाढवा. एकाच कडेला ०.२६ वाढवलं तर चार टॅबची रांग स्लॉटपासून सरकते.

टॅबच्या टोकाचे दोन्ही कोपरे ०.५ मिमीने तिरके काढा. पकड राहते तशीच राहते, पण घालताना टॅब स्वतः वाट शोधतो आणि स्लॉटची कड उकलत नाही. स्लॉट पाटीच्या कडेपासून १२ मिमी तरी आत असावा, नाहीतर पकडीच्या ताणाने मधली पट्टी तुटते.

भरपाई एकदाच झाली पाहिजे

वर केलेली भरपाई ड्रॉइंगमध्येच आहे, तेव्हा मशीनने रेषेवरूनच कापलं पाहिजे. दुसरा मार्ग म्हणजे ड्रॉइंग खऱ्या मापात (टॅब ३०.०५, स्लॉट ३०.०० × ४.०५) द्यायचं आणि भरपाई सॉफ्टवेअरवर सोपवायची. LightBurn मध्ये लेयरच्या सेटिंगमध्ये `Kerf Offset` नावाची जागा आहे. तिथे अर्धा कर्फ, म्हणजे `0.105` भरायचा. बाहेरचा आकार बाहेर सरकतो आणि त्याच्या आतलं भोक आत सरकतं. हे फक्त बंद आकारांवर चालतं. स्लॉटच्या चार रेषा सुट्या असतील, टोकं जुळलेली नसतील, तर तो तसाच कापला जातो. स्लॉट वेगळ्या लेयरमध्ये ठेवले असतील तर सॉफ्टवेअरला ते कशाच्या आत आहेत हे कळत नाही आणि तो त्यांनाही बाहेर सरकवू शकतो. तिथे उणे किंमत लागते. कापण्याआधी प्रीव्ह्यू मोठा करून कटची रेषा कोणत्या बाजूला गेली आहे ते पाहावं.

बाहेर जॉब देताना फाइलसोबत एक ओळ लिहूनच द्या: "कर्फ ड्रॉइंगमध्ये धरला आहे, रेषेवर कापा" किंवा "ड्रॉइंग खऱ्या मापात आहे, भरपाई तुमच्याकडून". ऑपरेटर सवयीने ऑफसेट लावत असेल आणि तुम्हीही लावला असेल तर भरपाई दोनदा होते. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या पाळीच्या माणसापर्यंत पोचत नाही.

चूक झालीच तर कोणती, हे सुटा टॅब आणि सुटा स्लॉट मोजून कळतं. नुसता जोड हलवून कळत नाही. आपल्या उदाहरणात टॅब २९.८४ आणि स्लॉट ३०.२१ आला तर भरपाई झालेलीच नाही. टॅब ३०.२६ आणि स्लॉट २९.७९ आला तर ती दोनदा झाली आहे, किंवा अर्ध्याऐवजी पूर्ण कर्फ भरला गेला आहे. टॅब २९.६३ आणि स्लॉट ३०.४२ म्हणजे दिशा उलटी झाली. आणि टॅब बरोबर ३०.०५ पण स्लॉट ३०.४२ असेल तर वेगळ्या लेयरमधला स्लॉट बाहेरच्या बाजूला सरकला आहे. कापून आलेली ही मापं ड्रॉइंगमधल्या आकड्यांसारखी दिसतात, म्हणून लिहून ठेवतानाच "काढलेलं" आणि "कापलेलं" असे दोन रकाने ठेवा.

पूर्ण शीट कापण्याआधी चाचणीची पट्टी

कर्फ अचूक मोजला तरी स्लॉट नेमका तसाच येईल असं नाही. ४ मिमीच्या छोट्या बाजूवर मशीनचं डोकं वेग घेण्याआधीच वळतं. कोपऱ्यात वेग कमी आणि पॉवर तेवढीच राहिली तर टोक जास्त जळतं आणि स्लॉट काही शतांश मिलिमीटर लांब होतो. रुइडा कंट्रोलरच्या मशीनवर ही कोपऱ्यातली पॉवर किमान पॉवरच्या सेटिंगने आवरता येते. १० मिमीच्या तुकड्यांच्या चाचणीत हा परिणाम दिसत नाही, खऱ्या आकाराच्या स्लॉटमध्येच दिसतो.

म्हणून त्याच शीटच्या भंगारावर दोन रांगा कापा. पहिल्या रांगेत स्लॉटची लांबी मुद्दाम मोकळी, ३०.५ ठेवा आणि रुंदी ३.७४, ३.७९, ३.८४, ३.८९, ३.९४ अशी बदला. दुसऱ्या रांगेत रुंदी ४.१ ठेवून लांबी २९.६९ पासून २९.८९ पर्यंत ०.०५ च्या टप्प्याने बदला. प्रत्येक स्लॉटशेजारी त्याचं माप कोरा. सोबत ३०.२६ काढलेले दोन टॅब. लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या तपासल्या की नेमकं कुठे अडतंय हे कळतं. एकाच स्लॉटमध्ये दोन्ही बदलले तर नाही कळत.

पहिल्या रांगेत हवा तो स्लॉट म्हणजे जिथे शीटचा जाड तुकडाही बोटाने सरकत जातो आणि डुलत नाही. दुसऱ्या रांगेत हवा तो, जिथे टॅब अंगठ्याच्या दाबाने पूर्ण बसतो आणि पट्टी उलटी धरून हलवली तरी पडत नाही. हातोडी लागली तर तो घट्ट आहे, मग तो कितीही मजबूत वाटो. निवडलेल्या दोन आकड्यांवर पूर्ण मखर कापा.

चाचणी पास झाली, तरी मोठ्या शीटवर काय बिघडतं

मधले स्लॉट घट्ट आणि कोपऱ्यातले सैल आले तर शीटचा बाक तपासा. पावसाळ्यात एमडीएफ वाकतो, बेडवर एक टोक २-३ मिमी उचललं जातं, तिथे किरण फोकसबाहेर जातो आणि फट रुंदावते. मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीच्या बेडवर लोहचुंबक किंवा अडकवायच्या पिना लावून शीट सपाट दाबा आणि फोकस चारही कोपऱ्यांत तपासा. बाक नसेल आणि फक्त एकाच कोपऱ्यात सैल येत असेल तर आरशांची जुळवणी बघा.

प्रत्येक टॅब एकेकटा बसतो, पण चार टॅबची कमान पाटीवर एकदम बसत नाही, ही दुसरी तक्रार. इथे कर्फाचा संबंध नसतो. शीट वाचवण्यासाठी कमान आडवी आणि पाटी उभी मांडली जाते, आणि मशीनच्या दोन अक्षांचं माप एकसारखं नसतं. एका दिशेला ४०० मिमीचं अंतर ४००.० येतं आणि दुसऱ्या दिशेला ३९९.६, की शेवटचा टॅब ०.४ ने चुकतो. दोन्ही दिशांना ४०० मिमीची रेषा कापून मोजा आणि अक्षांचं कॅलिब्रेशन दुरुस्त करून घ्या. ते होईपर्यंत एकमेकांत बसणारे भाग शीटवर असे मांडा की टॅबची रांग आणि स्लॉटची रांग एकाच दिशेला येईल.

जोडताना टॅब पाटीच्या वरच्या बाजूने, म्हणजे किरण शिरला त्या बाजूने घाला. तिथे स्लॉट थोडा रुंद असतो. कापल्यावर वरची बाजू ओळखू येईनाशी होते, म्हणून प्रत्येक भागावर लपणाऱ्या जागी एक छोटी खूण कोरून घ्या.

रंग हा सर्वांत जास्त विसरला जाणारा भाग. प्रायमर आणि वर दोन हात मारले की टॅबच्या दोन्ही बाजूंची मिळून ०.१ ते ०.२ मिमी सहज वाढतात, म्हणजे ०.०८ ची मोकळीक संपून जोड अडकतो. रंगाआधी टॅबच्या चारही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि स्लॉटमध्ये कागदाची घडी घाला. टॅबला रंग लागणारच असेल तर रंगवलेल्या तुकड्याची जाडी मोजून तीच `t` म्हणून वापरा.

अॅक्रिलिकमध्ये हाच जोड करायचा असेल तर पकड अजिबात ठेवू नका. `g` शून्य किंवा किंचित उणे ठेवा, कारण अॅक्रिलिक दबत नाही. स्लॉटच्या कोपऱ्यातून तडा जातो, कधीकधी दोन दिवसांनी. त्याचीही जाडी शीटभर बदलते, तेव्हा मोजणं सुटत नाही. फायबर लेझरवर कापलेल्या २ मिमी लोखंडी पत्र्यात, जिथे टॅब फक्त वेल्डिंगआधी जागा धरण्यासाठी असतो, तिथे दोन्ही दिशांना ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक द्या. पत्र्याच्या गाळ्यांत भरपाई बहुधा नेस्टिंग सॉफ्टवेअरच करतं, म्हणून तिथे फाइल खऱ्या मापात द्यावी आणि त्यांच्याकडे २ मिमीसाठी कोणता कर्फ भरलेला आहे हे विचारून, एक टॅब आणि एक स्लॉट कापून घेऊनच पुढचा जॉब सोडावा.